वर्गातला फोन: निर्णय शिक्षकांकडेच राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो,

‘वर्गात स्मार्टफोनवर बंदी असावी’ या प्रस्तावाच्या विरोधात मी उभी आहे. पण आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते, म्हणजे ज्यावर वादच नाही त्यात आपला वेळ जाणार नाही. फोनमुळे वर्गात लक्ष उडतं. २०२२ च्या ‘पिसा’ चाचणीत अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना याबद्दल विचारलं होतं. विकसित देशांतल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की निदान काही गणिताच्या तासांना तरी फोन किंवा तत्सम उपकरणामुळे आपलं लक्ष विचलित होतं. शेजारच्याच्या फोनमुळे लक्ष जातं असं सांगणारी मुलंही निम्म्याहून जास्त होती. ही मुलं माझ्याच वयाची आहेत. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग मी विरोध कशाला करते आहे? तर ‘बंदी’ला. शिकवणं चालू असताना फोन बंद असावा, नजरेआड असावा, हा नियम झाला. असा नियम मला हवाच आहे. बंदी याहून वेगळी असते. बंदी आली की फोन वर्गात येऊच शकत नाही, मग तो शिक्षकांना हवा असला तरी. नियमात फोन कधी बाहेर काढायचा हे शिक्षक ठरवतात, तर बंदीत तो निर्णय त्यांच्या हातातून काढून घेतलेला असतो. आजचा सगळा वाद या एका फरकाभोवती आहे आणि तो मी एका प्रयोगावरून समजावून सांगणार आहे. प्रयोग भौतिकशास्त्राचा आहे, पण अवघड नाही.

हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जातो, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. हा आकडा वर्गात बसून स्वतः मोजता येईल का? हातातल्या स्टॉपवॉचने तर नाहीच. आवाज ऐकू आल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात ध्वनी ६८ मीटर पुढे निघून गेलेला असतो. कुठल्याच शाळेचा वर्ग एवढा लांब नसतो. त्यामुळे हा प्रयोग बहुतेक ठिकाणी पुस्तकातल्या आकृतीतच राहतो. फळ्यावर सूत्र लिहिलं जातं, आकडे दिलेले असतात, आपण भागाकार करतो आणि उत्तर बरोबर येतं. यायलाच हवं, कारण आकडे उत्तर बघूनच दिलेले असतात.

आता दोन फोन घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचं एक मोफत ॲप काढलं. फोनमध्ये मायक्रोफोन असतो, हालचाल मोजणारा संवेदक असतो, चुंबकीय क्षेत्र मोजणाराही असतो. हे ॲप त्यांची मोजमापं थेट पडद्यावर दाखवतं. त्यात आवाजावर चालणारं एक स्टॉपवॉच आहे. मोठा आवाज झाला की ते सुरू होतं आणि पुन्हा तसाच आवाज झाला की थांबतं. बोटाचं काम नाही, म्हणून बोटाचा उशीरही नाही.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी हा प्रयोग करून घेतला. पट्टीने मोजून बरोबर ५ मीटर अंतरावर दोन फोन ठेवले. पहिल्या फोनजवळ मी आणि दुसऱ्याजवळ माझी मैत्रीण. आधी मी टाळी वाजवायची. माझा फोन लगेच सुरू होतो, तिचा मात्र आवाज ५ मीटर पार करून पोचल्यावर. थोड्या वेळाने ती टाळी वाजवते. आता तिचा फोन लगेच थांबतो आणि माझा तेवढ्याच उशिराने. म्हणजे माझा फोन उशिराने थांबला आणि तिचा उशिराने सुरू झाला. त्यामुळे माझ्या फोनवरची वेळ तिच्यापेक्षा थोडी जास्त येते. हा फरक म्हणजे ध्वनीला ५ मीटर जायला आणि ५ मीटर यायला, मिळून १० मीटरला लागलेला वेळ.

माझ्या फोनवर १.६८४ सेकंद आले, तिच्या फोनवर १.६५५. फरक ०.०२९. दहाला ०.०२९ ने भागलं की उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. यात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की दोन फोनची घड्याळं एकमेकांशी जुळवावीच लागत नाहीत. मी टाळी कधी वाजवली आणि तिने किती वेळाने वाजवली याने काहीही फरक पडत नाही. वजाबाकी केली की ते सगळं आपोआप निघून जातं. ही युक्ती लक्षात आल्यावर वर्गात जी कुजबुज झाली, ती समजल्याची होती. वजाबाकीने चूक काढून टाकता येते हे गणितात कितीही सांगितलं तरी एवढं पटत नाही.

प्रयोग पहिल्याच फटक्यात जमला नाही, तेही सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. पहिल्यांदा आकडे भलतेच आले. कुणीतरी बाक सरकवला, कुणी हसलं आणि टाळी वाजायच्या आधीच फोनचं स्टॉपवॉच सुरू झालं. बाईंनी विचारलं, असं का झालं असेल? मग कळलं की ॲपमध्ये आवाजाची एक पातळी ठरवता येते. त्याहून मोठा आवाज झाला तरच घड्याळ चालतं. ती पातळी आम्ही वाढवली. मग दुसरी अडचण आली. एकाच टाळीने घड्याळ सुरू होऊन लगेच थांबायला लागलं, कारण भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी त्याला दुसरी टाळी वाटत होता. त्यासाठी दोन आवाजांमध्ये निदान किती वेळ जायला हवा तेही ठरवून द्यावं लागलं. एवढं केल्यावरही सगळ्यांनी पूर्ण गप्प बसणं गरजेचं होतं. मागच्या बाकावरच्या मुलांनीच पुढच्यांना शांत राहायला सांगितलं, कारण आकडा बरोबर यायला हवा होता. वर्गात फोन समोर होता, चालू होता आणि कुणाचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं.

हे शक्य झालं, कारण दोन्ही फोन विमान मोडवर होते. ॲपला इंटरनेट लागत नाही. मेसेज येऊ शकत नव्हता, फोन वाजू शकत नव्हता, व्हिडिओ लागू शकत नव्हता. फोनमधली लक्ष खेचणारी जवळपास प्रत्येक गोष्ट नेटवर्कमधून येते आणि फोनमधली मोजणारी प्रत्येक गोष्ट फोनच्या आत असते. नेटवर्क बंद करायला एक बटण पुरतं. बंदी मात्र दोन्ही एकदमच बाहेर काढते.

ध्वनीच्या वेगाचं उत्तर एका हजारांश सेकंदाच्या चुकीने किती बदलतं, हेही आम्ही काढलं. ०.०२९ ऐवजी ०.०३० धरलं तर ३३३ येतं आणि ०.०२८ धरलं तर ३५७. म्हणजे ५ मीटरचं अंतर खरं तर थोडं कमी आहे. अंतर १० मीटर केलं तर तेवढ्याच चुकीने उत्तर जेमतेम सहा मीटर इकडे-तिकडे होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं, ते आमच्याच एका वर्गमित्राने फळ्यावर मांडलं. मोजमापात चूक असतेच आणि ती कमी कशी करायची याचा विचार करावा लागतो, हे विज्ञानातलं फार महत्त्वाचं ज्ञान आहे. पुस्तकातले तयार आकडे ते देऊ शकत नाहीत, कारण त्यांत चूकच नसते.

प्रस्तावाच्या बाजूचे वक्ते यावर म्हणतील की हे काम शाळेच्या उपकरणांनी करा, त्यासाठी मुलांचे फोन कशाला? त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. ज्या शाळेत मायक्रोफोन, संवेदक आणि ते जोडायला संगणक असलेली प्रयोगशाळा आहे, तिथे खुशाल ती वापरावी. पण अशा शाळा सगळीकडे नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. आणि जिथे आहेत तिथेही एक उपकरण आणि भोवती गर्दी असंच चित्र असतं. पुढचे तिघे-चौघे हात लावतात, बाकीचे टाचा उंचावून बघतात. शिवाय प्रयोगशाळेचं उपकरण तास संपला की कपाटात जातं. फोन मात्र घरी येतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी चेंडू टेबलावरून खाली पाडून गुरुत्वत्वरण मोजून पाहिलं. एक मीटर उंचीवरून चेंडू पडायला साधारण ०.४५ सेकंद लागतात. चेंडू सुटतानाचा आवाज आणि जमिनीवर आपटल्याचा आवाज यांमधला वेळ फोन मोजतो. हाताने मोजताना ०.१ सेकंदाची चूक झाली तर उत्तर ९.८ ऐवजी साडेसहा किंवा सोळा येतं. फोनने दहाच्या आसपास येतं. रोज ज्या वस्तूवर आपण व्हिडिओ बघतो तिनेच आपण काही मोजूही शकतो, हे एकदा वर्गात दिसलं की ते डोक्यातून जात नाही. वर्गात मात्र फोन म्हणजे फक्त गुन्हा असेल, तर उरतो तो मनोरंजनाचा फोन.

दुसरा आक्षेप: सगळ्यांकडे फोन नसतो. खरं आहे आणि म्हणूनच प्रत्येकाने फोन आणावा असं मी म्हणत नाही. माझ्या प्रयोगाला फक्त दोन फोन लागले, तेही अख्ख्या वर्गाला. चार गट केले तर आठ. ज्याच्याकडे फोन नाही त्याने टाळी वाजवली, अंतर मोजलं, हिशेब केला. त्याला त्या तासाला जे मिळालं ते बंदी असती तर कुणालाच मिळालं नसतं. एकाकडे नाही म्हणून दोघांकडेही नको, हा समतेचा मार्ग नाही.

आता थोडं पुराव्याकडे वळते. बंदीच्या बाजूने जगभर सर्वांत जास्त सांगितला जातो तो २०१५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आलेला एक अभ्यास. लुई-फिलिप बेलाँ आणि रिचर्ड मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळा घेतल्या. फोनवर बंदी घातल्यानंतर परीक्षेचे गुण थोडे वाढले आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांना त्याचा फायदा जास्त झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. वरच्या श्रेणीतल्या मुलांवर काही परिणाम दिसला नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण शाळा सर्वांत जास्त त्यांच्यासाठी असते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या अभ्यासातला बराचसा काळ स्मार्टफोन घराघरांत पोचण्याआधीचा आहे, म्हणजे तो मुख्यतः साध्या फोनबद्दल बोलतो. आणि हीच पद्धत वापरून स्वीडनमध्ये संशोधकांनी तो अभ्यास पुन्हा केला, तेव्हा २०२० मध्ये छापलेला निष्कर्ष असा होता की बंदीने गुणांमध्ये काही फरक पडलेला दिसत नाही, मागे असलेल्या मुलांच्याही नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात मुलींना फायदा दिसला, हेही मी सांगायला हवं. एकूण चित्र मिश्र आहे. मिश्र पुराव्यावर सरसकट बंदी उभी राहत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला बर्मिंगहॅम विद्यापीठाचा अभ्यास. त्यांनी इंग्लंडमधल्या ३० शाळा घेतल्या, २० फोनवर कडक निर्बंध असलेल्या आणि १० तुलनेने मोकळ्या. १२ ते १५ वयाची बाराशेहून जास्त मुलं. कडक शाळांतल्या मुलांचा शाळेच्या वेळेतला फोन कमी झाला होता, दिवसाला सुमारे ४० मिनिटांनी. हा फायदा खरा आहे. पण दिवसभराचा, आठवड्याचा एकूण वापर पाहिला तर दोन्ही प्रकारच्या शाळांतल्या मुलांमध्ये फरक नव्हता. मानसिक स्वास्थ्यात नव्हता, झोपेत नव्हता, शारीरिक हालचालीत नव्हता. याच अभ्यासात असंही दिसलं की एकूण वापर जितका जास्त, तितकी झोप, मनःस्थिती आणि वर्गातलं वागणंही वाईट. म्हणजे दुखणं खरंच आहे, पण ते शाळेच्या दारापाशी सुरू होत नाही आणि दारावर अडवून बरंही होत नाही. शाळेत वाचलेला वेळ संध्याकाळी परत वसूल होतो.

मग संध्याकाळचा फोन आटोक्यात ठेवायला आम्ही कुठे शिकणार? घरी रात्री खोलीचं दार लावल्यावर आमच्या शेजारी शिक्षक नसतात. फोन काढायचा, ठरलेलं काम करायचं आणि काम संपल्यावर तो बाजूला ठेवायचा, ही सवय सांगून लागत नाही, करून लागते. ती करून घेणारी, चुकलं तर लगेच टोकणारी मोठी माणसं आमच्या दिवसात जास्तीत जास्त वेळ जिथे असतात ती जागा म्हणजे वर्ग. पिसाच्या त्याच चाचणीत शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासाभरापर्यंत उपकरणं वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते. यावरून फोनने गुण वाढतात असं मी म्हणणार नाही, कारण एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचं कारण असेलच असं नाही. पण थोडा, कामापुरता वापर म्हणजे नुकसानच, हे गृहीतकही त्यावर टिकत नाही.

बंदी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात ती कशी चालते, याचं एक मोठं उदाहरण न्यूयॉर्क शहराचं आहे. तिथे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात शाळेत फोन आणायलाच मनाई होती. काही शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रं होती. त्या शाळांतल्या मुलांना फोन लपवून आत नेता येत नव्हता. पण लांबून, एकट्याने येणाऱ्या मुलांना वाटेत फोन हवाच असायचा. मग शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या, दिवसाला एक डॉलर घेऊन मुलांचे फोन सांभाळणाऱ्या. शाळेच्या वर्षभराचा हिशेब केला तर एका मुलाचे शंभराहून जास्त डॉलर होतात. धातुशोधक यंत्रं बहुतेक गरीब वस्त्यांतल्या शाळांत होती. जिथे यंत्र नव्हतं तिथली मुलं फोन खिशात ठेवून वर्गात बसत आणि शिक्षक दुर्लक्ष करत. नियम एकच होता, किंमत मात्र गरीब मुलांनीच मोजली. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ती बंदी उठवली.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. २०२५ च्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्क राज्याने शाळेच्या पूर्ण वेळासाठी फोनबंदी पुन्हा आणली आहे. पण त्या कायद्यात काय काय घालावं लागलं ते पाहा. फोन ठेवायची सोय शाळेनेच करायची, केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करायचं नाही, आजारपणासाठी सूट आणि अभ्यासासाठी शिक्षकांनी परवानगी दिली तर सूट. फ्रान्सनेही २०१८ मध्ये कायदा केला, त्यातही शिकवण्यासाठीच्या वापराची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे ज्यांनी बंदी केली त्यांनाही शिक्षकांचा अधिकार पूर्ण काढून घेणं पटलेलं नाही. यावर कुणी म्हणेल, मग झालं की, सवलत आहे ना! पण सवलत वापरायची कशी? सकाळी फोन कुलूपबंद पिशवीत किंवा कार्यालयातल्या कपाटात गेला आणि तो शाळा सुटताना मिळणार असेल, तर तिसऱ्या तासाला बाईंना प्रयोग सुचला तर काय? आधी अर्ज, मग मंजुरी, मग कुणीतरी जाऊन फोन आणायचे, पस्तीस मिनिटांच्या तासात. एखादा शिक्षक एकदा हे करेल. दुसऱ्यांदा तो फळ्यावर सूत्र लिहील. सवलत कायद्यात राहते आणि वर्गातून नाहीशी होते.

आजारपणाच्या सवलतीबद्दल फक्त एवढंच. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावर एक छोटा संवेदक असतो. तो दर काही मिनिटांनी साखरेचं प्रमाण फोनला कळवतो आणि साखर धोक्याच्या खाली गेली की फोन वाजतो. अशा मुलाचा फोन कुणीच काढून घेणार नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या वर्गात दुसऱ्या कुणाकडेच फोन नाही तिथे ज्याच्याकडे तो आहे, त्याचा आजार पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळतो. त्याला तो सांगायचा होता की नाही, हे कुणी विचारत नाही. फळा नीट न दिसणारी मुलगी कॅमेऱ्याने अक्षरं मोठी करून वाचते, तिचंही तसंच. नियमाने चालणाऱ्या वर्गात या दोघांचा फोन इतरांच्या फोनसारखाच एक फोन असतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की फोन बंद असला तरी तो बाकावर समोर असेल तर विचार करण्याची क्षमता थोडी कमी पडते आणि दुसऱ्या खोलीत असेल तर सर्वांत चांगली राहते. नंतर काहींनी तसे प्रयोग केले, त्यांना तो परिणाम सापडला नाही. तरीही सावधगिरी म्हणून मी तो निष्कर्ष धरून चालते. त्यामुळे माझ्या नियमात फोन बाकावर नाही आणि दप्तरातही नाही.

तो नियम असा. वर्गाच्या पुढच्या भिंतीवर हजेरी क्रमांकाच्या खणांचं एक फडताळ. वर्गात येताना प्रत्येकाने फोन विमान मोडवर टाकून आपल्या खणात ठेवायचा. आजारपणाचा फोन बाईंच्या टेबलावर किंवा मुलाजवळ, जसं त्या मुलाला आणि शिक्षकांना ठीक वाटेल तसं. फोन लागणार असेल तेव्हा शिक्षक फळ्यावर तीन गोष्टी लिहितील: कशासाठी, किती फोन आणि किती वेळ. ‘ध्वनीचा वेग, गटाला दोन, वीस मिनिटं.’ वेळ संपली की फोन परत खणात. त्या वेळात कुणी नेटवर्क चालू केलं, दुसरं काही उघडलं, तर पुढचे काही आठवडे त्याचा फोन खणातून बाहेर निघणार नाही आणि तो गटात फोनशिवाय काम करेल. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या वर्गाला नाही. ज्या शिक्षकांना फोन अजिबात नको असेल, त्यांच्या तासाला तो कधीच निघणार नाही आणि त्यांनी कुणाला कारण द्यायची गरज नाही. निर्णय त्यांचा म्हटल्यावर नकारही त्यांचाच.

हा नियम चालतो की नाही हे कळायचं कसं? एक सत्र चालवून बघा. वेळ संपल्यावर सगळे फोन खणात परत जायला किती वेळ लागतो ते शिक्षकांनी टिपून ठेवावं. सुरुवातीला पाच मिनिटं जातील, गोंधळही होईल. महिन्याभरात तो वेळ मिनिटावर आला तर सवय लागते आहे. तो कमी होतच नसेल, किंवा तासागणिक कुणाचा ना कुणाचा फोन अडकवून ठेवावा लागत असेल, तर त्या वर्गापुरता फोनचा वापर थांबवा. मी त्याला विरोध करणार नाही. पण हे एका वर्गाचं, त्यांच्या शिक्षकांनी पाहून ठरवलेलं उत्तर असेल. दुसऱ्या वर्गात ते वेगळं असू शकतं. पाचवीच्या वर्गात तर ते वेगळंच असायला हवं, कारण दहा वर्षांच्या मुलाकडून मी एवढ्या संयमाची अपेक्षा करणार नाही. इथेही सरसकट बंदीपेक्षा शिक्षकांची नजर जास्त बारीक आहे.

प्रस्तावाच्या बाजूने आता जे बोलतील त्यांनी फोन किती लक्ष विचलित करतो हे पुन्हा सांगू नये, ते मी पहिल्याच मिनिटाला मान्य केलं आहे. त्यांनी मला एवढंच सांगावं: विमान मोडवरचे दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवून आमच्या बाई ध्वनीचा वेग मोजायला लावत होत्या, तेव्हा त्या वर्गाचं नेमकं कोणतं नुकसान होत होतं? आणि नुकसान होत नसेल, तर बाईंकडून तो तास काढून घेण्याचा अधिकार या प्रस्तावाला का असावा? याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर सभागृहाने प्रस्तावाच्या विरोधात मत द्यावं, अशी माझी विनंती आहे.